फोन ठेवला की दोन ओळी लिहा

मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. गावोगाव फिरताना गटांच्या वह्या बघते, बँकेची कामं बघते, आणि हल्ली त्याच्या जोडीला ऑर्डरींचे फोनही घेते. आज त्या फोनबद्दलच बोलणार आहे. आपल्या मालाची ऑर्डर बहुतेक वेळा फोनवरच येते. समोरचा माणूस चांगलं बोलतो, भाव सांगतो, ‘चालेल ना ताई?’ म्हणतो, आपण ‘हो हो’ म्हणतो आणि फोन बंद होतो. कागद कुठेच नसतो. अशा वेळी फोन ठेवल्यावर काय करायचं, ते आमच्या पापडाच्या गोष्टीवरून सांगते.

आमच्या एका गटात अकरा बायका आहेत. उडदाचे पापड त्यांचे फार छान होतात. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून फोन आला. बोलणं झालं ते साधारण असं: “ताई, साधारण दीडशे किलो लागतील. तीनशेचा भाव ठीक आहे. पाठवून द्या, पैसे लगेच करतो.” फोन अध्यक्ष आक्कांनी घेतला होता. त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी डाळ भरली. फाल्गुनाचं ऊन होतं, अंगणं पापडांनी भरून गेली. दीडशे किलो माल टेम्पोत घालून पाठवला.

दुकानदारानं नव्वद किलो उतरवून घेतले. बाकीचे साठ परत. म्हणाला, “मी साधारण म्हटलं होतं, एवढे खपणार नाहीत.” टेम्पोचं दीड हजार भाडंही आमच्या पैशातून कापलं. म्हणाला, “पाठवून द्या म्हटलं म्हणजे पोचवून द्या.” आणि ‘लगेच’चे पैसे आले दोन महिन्यांनी. परत आलेले साठ किलो पावसाच्या आत विकायचे होते, म्हणून बाजारच्या दिवशी बसून दोनशे वीसच्या भावानं काढले. किलोमागे ऐंशी रुपये गेले, म्हणजे चार हजार आठशे. त्यात भाडं धरलं की सहा हजार तीनशे.

मी त्या माणसाला लबाड म्हणत नाही. असेलही, नसेलही. पण मला आक्कांशी झालेलं त्याचं बोलणं आठवून आठवून वाटतं, की तो जे बोलला ते त्यानं मोडलं नाही. त्याच्या प्रत्येक शब्दाचे दोन अर्थ होते. आम्ही आमच्या सोयीचा घेतला, त्यानं त्याच्या सोयीचा. ‘साधारण’ म्हणजे आम्हाला वाटलं पाच-दहा किलो इकडे-तिकडे. ‘पाठवून द्या’मध्ये भाडं कोणाचं ते नव्हतंच. ‘लगेच’ला तारीख नव्हती.

त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली. फोन झाला की त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, जे बोलणं झालं ते लिहून त्याच माणसाला पाठवायचं. व्हॉट्सअॅप असेल तर व्हॉट्सअॅपवर, नसेल तर साधा मेसेज. त्याला करारपत्र म्हणायची गरज नाही. ‘मला असं समजलं, बरोबर आहे का बघा’ एवढाच त्याचा सूर. पण लिहिताना तो साधारण, लगेच, बघू, पाठवून द्या असा प्रत्येक शब्द पकडायचा आणि त्याच्या जागी आकडा, तारीख किंवा ‘कोणाकडून’ हे घालायचं. जिथे घालता येत नाही, तिथे समजायचं की ही गोष्ट फोनवर ठरलीच नव्हती.

याचा उपयोग आम्हाला दुसऱ्याच वर्षी झाला. पुण्याच्या एका दुकानातून फोन आला. या वेळी फोन स्पीकरवर होता, सचिवताई शेजारी वही घेऊन बसल्या होत्या. दुकानदार म्हणाला, “सुरुवातीला शंभर घेऊ. दोनशे ग्रॅमचं पॅकिंग करा. तीनशे वीसनं परवडेल तुम्हाला?” मी म्हटलं, “भाव ठीक वाटतो भाऊ, गटाला विचारून संध्याकाळी कळवते.” हे वाक्य तुम्हीही तोंडपाठ करून ठेवा. फोनवरच ‘ठरलं’ म्हणायचं नाही. गटाला विचारणं ही खरीच गोष्ट आहे आणि त्यात कोणाला राग येत नाही.

संध्याकाळी मीटिंगमध्ये भाव सगळ्यांना पटला. मग मी मेसेज लिहिला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, जसाच्या तसा वाचते.

“नमस्कार भाऊ. दुपारी आपलं फोनवर बोलणं झालं, बरं वाटलं. गटात विचारलं, सगळ्यांची तयारी आहे. फोनवर जे ठरलं ते मला समजलं तसं लिहिते. उडदाचे पापड १०० किलो, २०० ग्रॅमच्या पाकिटात, म्हणजे ५०० पाकिटं. दर किलोला ३२० रुपये, पाकीट आणि लेबल आमच्याकडून. एकूण ३२,००० रुपये. माल १५ एप्रिलपर्यंत तुमच्या दुकानात. दोन गोष्टी बोलायच्या राहिल्या. गाडीभाडं कोणाकडे, आणि पैसे किती दिवसांत. आमची विनंती अशी की भाडं निम्मं-निम्मं करावं, १०,००० आगाऊ मिळावेत आणि बाकीचे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत. माझ्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर कृपया सांगा. सगळं बरोबर असेल तर ‘बरोबर आहे’ एवढं कळवा, म्हणजे आम्ही डाळ भरायला घेतो.”

अर्ध्या तासात उत्तर आलं. “ताई, शंभर किलो नाही, शंभर पाकिटं. आधी बघू कसे खपतात ते.”

मैत्रिणींनो, शंभर पाकिटं म्हणजे वीस किलो. आम्ही शंभर किलो धरून बसलो होतो. तो ‘शंभर घेऊ’ म्हणाला होता, शंभर काय ते म्हणालाच नव्हता. तीन बायकांनी ऐकलं, वहीत लिहिलं गेलं, आणि तिघींनीही मनातल्या मनात पुढे ‘किलो’ जोडला. कारण आम्ही पापड किलोनं मोजतो आणि तो पाकिटानं मोजतो. शंभर किलोला डाळच दहा-बारा हजारांची लागली असती, आणि ती आम्ही गटाच्या बचतीतून काढणार होतो. या खेपेला कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. तरी ऐंशी किलो पापड परत आले असते.

म्हणून मी त्या मेसेजमध्ये हिशेब दोन-दोन प्रकारे लिहिते. किलोही लिहायचे आणि पाकिटंही, दरही लिहायचा आणि एकूण रक्कमही. नुसतं ‘१००’ वाचून माणूस मान डोलावतो, पण ‘५०० पाकिटं, ३२,००० रुपये’ वाचलं की दचकतो. त्यानं आत्ताच दचकावं हेच आपल्याला हवं असतं.

आता या मेसेजमध्ये मी काय केलं ते जरा उलगडून सांगते, कारण आमच्याच दुसऱ्या गटानं असाच मेसेज पाठवला आणि काम बिघडलं.

त्या गटानं लोणच्याच्या ऑर्डरीसाठी लिहिलं होतं: “फोनवर ठरल्याप्रमाणे निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. नंतर कोणताही बदल चालणार नाही.” आगाऊचं बोलणं फोनवर झालंच नव्हतं. गटाला ते हवं होतं म्हणून त्यांनी ‘ठरल्याप्रमाणे’च्या खाली दडवून टाकलं. तो माणूस चिडला. म्हणाला, “मी असं बोललोच नाही, तुम्ही मला खोटं पाडता.” ऑर्डर गेली. चूक त्याची नव्हती. जे ठरलं ते ‘ठरलं’ म्हणून लिहायचं, जे राहिलं ते ‘राहिलं’ म्हणून लिहायचं आणि आपल्याला जे हवं ते ‘आमची विनंती’ म्हणून. ही तीन खणांची साडी आहे, रंग एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. कायद्याच्या दृष्टीनंही त्यात फरक पडतो. समोरच्यानं जे देऊ केलं ते जसंच्या तसं स्वीकारलं तरच तो स्वीकार होतो. आपण त्यात नवी अट घातली की तो आपला नवा प्रस्ताव होतो आणि आता ‘हो’ म्हणण्याची पाळी त्याची असते.

आणि ‘चालणार नाही’ वगैरे दरडावणी कशाला? चूक माझ्या ऐकण्यातली असू शकते असं लिहिलं, की त्याला दुरुस्ती सांगायला लाज वाटत नाही. ‘तुम्ही असं म्हणालात’ असं लिहिलं की तो आपला बचाव करायला लागतो. ‘मला असं समजलं’ लिहिलं की तो समजावून सांगायला लागतो. पाहुण्याला आपण ‘चहा प्याच’ म्हणत नाही, ‘चहा टाकू ना?’ म्हणतो, तसंच आहे हे.

शेवटची ओळ तर विसरूच नका. ‘बरोबर आहे कळवा, म्हणजे डाळ भरायला घेतो.’ त्यात मागणीही आहे आणि कारणही आहे. त्याला कळतं की त्याच्या उत्तरावर अकरा जणींचं काम थांबलं आहे. आणि आपल्यालाही बंधन राहतं, की उत्तराशिवाय डाळ भरायची नाही.

उत्तर आलंच नाही तर? हा प्रश्न मला प्रत्येक मीटिंगमध्ये विचारतात. निळ्या दोन खुणा दिसतात, म्हणजे त्यानं वाचलं. वाचलं म्हणजे मान्य केलं असं होत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. एक दिवस थांबायचं, मग एक ओळ टाकायची: “भाऊ, कालचा निरोप मिळाला ना? तुमच्या उत्तराची वाट बघतोय.” तरीही काही नाही, तर मग फोन करायचा. दोनदा विचारूनही जो ‘बरोबर आहे’ लिहीत नाही, त्याच्यासाठी आम्ही गटाचे पैसे अडकवत नाही. त्यानं आगाऊ पाठवले तर वेगळी गोष्ट. पैसे खात्यात आले तर त्याहून पक्कं उत्तर नाही.

दुकानदारांची एक सवय मात्र ध्यानात ठेवा. त्यांना लिहायचा कंटाळा असतो. आपण मेसेज पाठवला की ते फोन करतात आणि तोंडीच सांगतात, “हो ताई, बरोबर आहे, फक्त वीस तारखेला पाठवा.” म्हणजे पुन्हा सगळं तोंडी. मग पुन्हा एक ओळ लिहायची: “आत्ता फोनवर म्हणालात त्याप्रमाणे माल १५ ऐवजी २० एप्रिलला. बाकी सगळं आधीच्या निरोपाप्रमाणे.” बोलून निरोप आला, म्हणजे व्हॉइस मेसेज, तरी असंच. नुसता अंगठा आला तर मी हसून विचारते, “भाऊ, हा अंगठा होकाराचा ना?” आणि ते बिचारे लिहितात, “हो.”

पाकिटांच्या ऑर्डरीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. वीस किलोला टेम्पो परवडत नव्हता. मी पुन्हा लिहिलं, की शंभर पाकिटं एसटीच्या पार्सलनं पाठवू, पार्सलचा खर्च आमचा, पण मग पाकिटाला चौसष्टऐवजी अडुसष्ट रुपये पडतील, एकूण ६,८००. आगाऊ दोन हजार, बाकी ४,८०० माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत. वाटेत चुरा झालेल्या पाकिटांबद्दलही लिहिलं, की माल मिळाल्यावर दोन दिवसांत फोटो पाठवलात तर ती बदलून देऊ. ‘बरोबर आहे’ आलं. चार पाकिटं फुटली, फोटो आले, आम्ही बदलून दिली. फुटलेल्या मालाचं आधी लिहिलेलं असलं की भांडायला काही उरत नाही.

पैशाच्या मुदतीबद्दल एक गोष्ट कायद्याची आहे, ती गटांना माहीत हवी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे. ज्या छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी आहे, त्याचा माल घेणाऱ्यानं लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या पुढे धरली जात नाही. काहीच लेखी ठरलेलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागता येतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, बचत गटाच्या नावानंही होते. ती माल देण्याच्या आधीच करून ठेवा. भांडण झाल्यावर केलेल्या नोंदणीचा आधार धरता येईलच असं नाही.

आता कोणी म्हणेल, तोंडी बोलण्याला काही किंमतच नाही का? आहे. आपल्याकडचा कराराचा कायदा १८७२ चा आहे आणि त्यात बहुतेक तोंडी करारही करारच असतो. पण तो झाला होता हे दाखवणार कसं? तुमचा शब्द आणि त्याचा शब्द. तिथे त्याच दिवशी पाठवलेला मेसेज आणि त्याखालचं ‘बरोबर आहे’ उपयोगी पडतं. कोर्टापर्यंत आमचा एकही गट गेलेला नाही, सहा हजारांसाठी कोण जाणार? पण एकदा पैसे द्यायला उशीर झाला तेव्हा मी भांडले नाही, फक्त जुना मेसेज त्याच माणसाला पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, “भाऊ, पंधरा दिवस परवा झाले.” दुसऱ्या दिवशी पैसे आले.

हीच रीत नोकरीच्या फोनलाही लागते. आमच्या एका मावशींच्या मुलीला शहरातून फोन आला: “पंधरा हजार पगार, एक तारखेपासून या.” ती हातातलं काम सोडायला निघाली होती. मी म्हटलं, थांब, आधी लिहून पाठव. तिनं लिहिलं, कामाचं पद काय समजलं, रुजू व्हायची तारीख, ड्यूटीची वेळ, सुट्टी कोणती, आणि विचारलं, “पंधरा हजार हातात मिळतील की कपातीच्या आधीचे, तेवढं कळवावं. नियुक्तिपत्र कधी मिळेल?” उत्तर आलं की कपातीच्या आधीचे. मूळ पगार पंधरा हजार असला की पीएफचे बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये, त्यातून जातात. ते पैसे तिच्याच खात्यात जमा होतात हे खरं, पण खोलीचं भाडं आणि डबा धरून तिनं हिशेब पंधरा हजारांवर मांडला होता. तिनं पुन्हा हिशेब केला आणि तरी गेली. पण जुनी नोकरी सोडली ती पत्र हातात आल्यावर.

मेसेज फोनमध्ये ठेवून विसरू नका. फोन पाण्यात पडतो, मुलगा गेम घालण्यासाठी सगळं पुसून टाकतो, समोरचा माणूसही आपला निरोप काढून टाकू शकतो. व्हॉट्सअॅपवर काही जणांनी मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावलेली असते, तेही एकदा बघून घ्या. उत्तर आलं की लगेच स्क्रीनशॉट काढायचा, त्यात समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. तो गटाच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे अकरा फोनमध्ये राहतो. आणि पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात सचिवांनी दोन ओळी लिहायच्या, अमुक तारखेला अमुक ऑर्डर, अमुक दरानं, लेखी होकार आला. म्हणजे उद्या अध्यक्ष बदलल्या तरी नव्या अध्यक्षांना कळतं.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातल्या मुलीकडून लिहून घ्यावं, पण बोलणं स्वतः सांगावं आणि पाठवण्याआधी मोठ्यानं वाचून घ्यावं. आमच्या आक्का असंच करतात. त्यांची नात लिहिते, आक्का ऐकतात आणि मधेच अडवतात, “थांब गं, साधारण लिहू नकोस, किती ते लिही.”

यंदा त्या पुण्याच्या भाऊंनी स्वतःच आधी मेसेज पाठवला. “ताई, ३०० पाकिटं, २०० ग्रॅमची, म्हणजे ६० किलो. दर मागच्या वर्षीचाच चालेल का? भाडं माझ्याकडे. बरोबर आहे ते कळवा.” आक्कांनी तो तीनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, “दर चालणार नाही म्हणावं, डाळ महागली. पण जरा गोड लिही.”